‘दोरा बदलेल, ठुशी तीच राहील’: लग्नसराईतल्या दागिन्याची जाहिरात दर न सांगता कशी लिहावी

लग्नसराईच्या तोंडावर कुठल्याही तालुक्याच्या गावात येणारं वर्तमानपत्र उघडा. सराफांच्या जाहिरातींत बहुतेक तीनच गोष्टी दिसतात: घडणावळीवर सूट, जुनं द्या नवं घ्या, आणि नखशिखांत नटलेली एक नवरी. दुकानाचं नाव हाताने झाकलं, तर कोणती जाहिरात कोणाची हे सांगता येत नाही. सोन्याचा दर गावात सगळ्यांकडे जवळपास सारखाच असतो, म्हणून स्पर्धेला उरते ती घडणावळ. एकाने ती कमी केली की शेजारचा आणखी कमी करतो. मग गिऱ्हाईक दुकानात पाय ठेवतानाच विचारतं, “घडणावळीत काय कमी करताय?” ही सवय जाहिरातींनीच लावलेली आहे.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या छोट्या सराफांसाठी जाहिराती लिहिते. त्यांच्यातले पुष्कळ जण म्हणतात, “यंदा दरावर नको, वारशावर काहीतरी करा.” मग ‘पिढ्यानपिढ्यांचा विश्वास’, ‘परंपरेचा सुवर्णस्पर्श’ असे शब्द पुढे येतात. या शब्दांनी कोणी दुकानात येत नाही, कारण त्यांतून वाचणाऱ्या बाईला काहीच कळत नाही. वारशावर जाहिरात लिहायची तर माझ्या मते एका प्रश्नाचं उत्तर हातात हवं: हा दागिना पुढे जी दुसरी बाई घालणार आहे, तिला तेव्हा काय लागेल? तिच्या गळ्याला तो बसेल का, तुटला तर दुरुस्त होईल का, कोणाकडे न्यायचा, तो खरा आहे हे तिला कसं कळेल? या प्रश्नांची खरी उत्तरं म्हणजेच तुमचा मजकूर.

हे एका दागिन्यावर पूर्ण करून दाखवते. दागिना ठुशी, बावीस कॅरेटची, नवरीसाठी. दुकान तालुक्याच्या गावातलं, एका काउंटरचं, मालक स्वतः गल्ल्यावर बसणारे.

आधी कारागिराकडे, मग कागदाकडे

मजकूर सुचायच्या आधी ठुशी हातात घ्या आणि ती उलटी करून बघा. जुन्या पद्धतीच्या ठुशीत बारीक सोन्याचे मणी दोऱ्यात दाटीने ओवलेले असतात आणि मागे दोरीचा गोंडा असतो. तो सरकवून ठुशी सैल किंवा घट्ट करता येते. काही नव्या घडणीत मात्र मणी मागच्या पट्टीवर डाखाने बसवलेले असतात. समोरून दोन्ही सारख्याच दिसतात, पण वारशाच्या दृष्टीने हे दोन वेगळे दागिने आहेत. ओवलेली ठुशी दोरा झिजला की सोडवून पुन्हा ओवता येते. पट्टीवरच्या ठुशीचा एखादा मणी दबला किंवा सुटला, तर तिथे पुन्हा डाख द्यावा लागतो. जाहिरातीत ‘ओवून देऊ’ असं लिहिलं आणि काउंटरवर पट्टीची ठुशी निघाली, तर ते वाक्य खोटं ठरतं.

म्हणून कारागिराला आणि ओवणाऱ्या पटवेकऱ्याला थोडे पण नेमके प्रश्न विचारा. मणी भरीव आहेत की पोकळ? पोकळ असतील तर आत लाख भरली आहे का? लाख उष्णतेने मऊ होते, त्यामुळे लाखेच्या मण्याजवळ डाख द्यायचा तर आधी लाख काढावी लागते, आणि दुरुस्तीचं स्वरूपच बदलतं. शिवाय लाख म्हणजे सोनं नव्हे. बिलावर निव्वळ सोन्याचं वजन वेगळं आलं पाहिजे, नाहीतर वीस वर्षांनी ठुशी काट्यावर चढेल तेव्हा त्या घराला फसल्यासारखं वाटेल. दोरा कसला आहे? रोजच्या वापरात किती टिकतो आणि सणावारालाच घातली तर किती? सर्वांत आधी काय जातं? ठुशीच्या बाबतीत या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा दोरा असंच येतं. घाम आणि अत्तर याने तो कमजोर होतो, आणि फाशापाशी, जिथे सतत ओढ बसते, तिथे आधी विरतो.

आता मालकांना विचारायचं: दुरुस्तीला आलेला दागिना घेताना गिऱ्हाईक सर्वांत जास्त कशाला घाबरतं? आमच्या या मालकांनी क्षणाचाही विचार केला नाही. “मणी बदलतील, कमी करतील, ही भीती. बायका ठुशी हातात धरून उभ्या राहतात, सोडायलाच तयार नसतात.” जाहिरातीचा गाभा इथेच सापडला. सुंदर शब्द शोधायची गरज उरली नाही, या भीतीला काय उत्तर द्यायचं एवढंच ठरवायचं राहिलं. बोलणं झाल्यावर मालकांनी एक पद्धत कबूल केली: ठुशी गिऱ्हाइकासमोर सोडवायची, सुटे मणी समोर तोलायचे, वजन चिठ्ठीवर लिहून द्यायचं, आणि त्या चिठ्ठीची दुसरी प्रत दुकानाच्या वहीत ठेवायची. दोऱ्याचं वजन मध्ये येऊ नये म्हणून मणी सुटेच तोलायचे, हे पटवेकऱ्याने सुचवलं.

मालक अशा एकाही पद्धतीला तयार नसतील, तर वारशाची जाहिरात लिहू नका. दराची लिहा, ती निदान खरी असेल.

कोणाशी बोलायचं

परदेशी घड्याळांच्या जाहिरातींत वारसा म्हणजे बापामागून मुलाकडे गेलेली वस्तू. आपल्याकडे दागिना तसा जात नाही. तो बहुतेक वेळा लग्नात जातो, देणारी समोर उभी असताना. आई लेकीच्या गळ्यात घालते, सासू सुनेच्या. म्हणजे या जाहिरातीत कोणाच्या आठवणीने डोळे पुसायची गरज नाही. गेलेली आजी, पिवळा पडलेला फोटो, हळवं संगीत, हे सगळं लग्नाच्या खरेदीत जड होतं. देणारी जिवंत आहे, हौशी आहे, आणि बहुतेक वेळा पैसेही तीच मोजणार आहे. तिच्याशी सरळ बोला.

माझ्या अनुभवात ठुशीसारखा पारंपरिक दागिना निवडताना अंतिम शब्द नवरीच्या आईचा किंवा मावशीचा असतो, आणि नकाराचा अधिकार नवरीचा. आईला टिकाऊपणा कळतो. मुलीला ती साडीवर आणि कुर्त्यावरही घालता येईल का, हे हवं असतं. दोघींना एकाच मजकुरात बसवायला गेलं की मजकूर फाटतो. मी छापील जाहिरात आईला उद्देशून लिहिते आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर मुलीला.

एक गोष्ट कटाक्षाने टाळते: वडिलांचं कर्तव्य. ‘लेकीला सन्मानाने पाठवा’ या धाटणीच्या ओळी हुंड्याच्या वाटेने जातात आणि आधीच कर्ज काढून लग्न करणाऱ्या माणसाला बोचतात. तसंच ‘हे कधीही विकू नका’ असं सुचवणंही टाळा. आपल्या घरांत सोनं अडीनडीला गहाण पडतं, सुटतं, कधी मोडावंही लागतं. ज्या बाईने मुलाच्या शिक्षणासाठी पाटल्या मोडल्या, तिला तुमच्या जाहिरातीने अपराधी वाटू नये.

मथळा

पहिला प्रयत्न नेहमी असाच होतो:

“पिढ्यानपिढ्यांचा वारसा, आता तुमच्या गळ्यात.”

हे वाक्य ठुशीला चालतं, मोहनमाळेला चालतं, पैठणीलाही चालेल. म्हणजे ते ठुशीबद्दल काहीच सांगत नाही. वाक्यातून दागिन्याचं नाव काढून दुसरं घाला. वाक्य तसंच उभं राहिलं तर ते टाकून द्या.

दुसरा प्रयत्न:

“आईची ठुशी. लेकीच्या गळ्यात.”

हे बरं आहे, निदान दोन माणसं आणि एक वस्तू दिसते. पण नवी ठुशी विकायची असताना हे जुन्या ठुशीबद्दल बोलतं. वाचणारी आई म्हणेल, “माझ्याकडे आहे की, तीच देईन.” वारशाच्या जाहिरातींत हा घोटाळा फार होतो: वारसा मागचा दाखवतात आणि विकायचा असतो पुढचा.

तिसरा प्रयत्न कारागिराच्या बोलण्यातून आला. आधी काय जातं, तर दोरा. राहतं काय, तर मणी.

“दोरा बदलेल. ठुशी तीच राहील.”

हा मथळा दुसऱ्या दागिन्याला लागत नाही, नव्या ठुशीबद्दल आहे, आणि त्यात एक खरी उणीव आधीच मान्य केली आहे. दोरा झिजतो हे प्रत्येक ठुशीवालीला माहीत असतं. ते तुम्हीच सांगितल्यावर पुढच्या वाक्यावर ती विश्वास ठेवते. काही मालक इथे अडतात: “आपणच झिजतो म्हणायचं?” म्हणायचं. न झिजणारा दागिना कपाटातला असतो.

मुलीसाठीच्या मजकुराला मथळा वेगळा घेतला, गोंड्यावरून:

“गोंडा जरा सैल केला की आईलाही होते.”

याच्यात गंमत आहे आणि माहितीही. अंगठीचं माप ठरलेलं असतं. बांगडीचंही तसंच, दोन-चारची बांगडी दोन-सहाच्या हाताला चढत नाही, आणि आईचे दागिने लेकीला न होण्याचं मोठं कारण तेच. ठुशीला मापाची अडचण नाही. वारशासाठी हा गुण सोन्याच्या शुद्धतेइतकाच महत्त्वाचा आहे आणि जाहिरातीत तो कोणी सांगताना मला दिसलेला नाही.

मजकूर

छापील जाहिरातीचा पूर्ण मजकूर असा झाला:

“दोरा बदलेल. ठुशी तीच राहील.

रोज घातली तर ठुशीचा दोरा काही वर्षांत झिजतो. झिजला की आमच्याकडे घेऊन या. ठुशी तुमच्यासमोर सोडवू, सुटे मणी तुमच्यासमोर तोलू, वजन चिठ्ठीवर लिहून तुमच्या हातात देऊ. मग नव्या दोऱ्यात ओवून देऊ. मजुरी त्या वेळच्या दराने.

आज नवरीसाठी घेतलेली ठुशी उद्या तिची लेक घेऊन आली, तरी आमच्या वहीत तिची नोंद असेल.

बावीस कॅरेट, हॉलमार्कसह. बिलावर निव्वळ वजन, त्या दिवसाचा दर आणि घडणावळ वेगवेगळी लिहिलेली.”

खाली दुकानाचं नाव, पत्ता, फोन.

यातली प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते बघा. ‘रोज घातली तर’ ही अट ठेवली, कारण किती वर्षं हे वापरावर अवलंबून आहे आणि ठाम आकडा दिला तर तो कोणाच्या तरी ठुशीने खोटा पाडला असता. ‘मजुरी त्या वेळच्या दराने’ ही ओळ मालकांना नको होती. त्यांना ‘आजीवन मोफत सेवा’ लिहायचं होतं. मी आग्रह धरला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत जून २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आणली. जाहिरातीतला दावा सिद्ध करता यायला हवा, आणि अट असेल तर ती दाव्याच्याच भाषेत, वाचता येईल अशी हवी, असं त्यांत आहे. मराठीत ‘आजीवन मोफत’ आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत अटी, हा जुना प्रकार आता नियमातही बसत नाही. पण कायद्याहून मोठं कारण असं की वीस वर्षांनी येणाऱ्या गिऱ्हाइकाला मालकांच्या मुलाने मोफत द्यायला नकार दिला, तर सगळी जाहिरातच उलटते. जे वचन पुढच्या पिढीतला दुकानदार पाळू शकेल, तेवढंच द्या.

हॉलमार्कची ओळ लहान ठेवली. एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क केलेल्या प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असल्याशिवाय तो विकता येत नाही, म्हणजे ते आता कोणाचंही वेगळेपण राहिलेलं नाही. मोठ्या अक्षरांत मिरवलं तर वाचणारी म्हणेल, हे तर सगळ्यांकडेच आहे. मात्र वारशासाठी त्याचा एक उपयोग आहे तो काउंटरवर दाखवा: तो क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की दागिन्याची शुद्धता आणि नोंद दिसते. क्रमांक बिलावर लिहून ठेवला, तर पुढे बिल ज्या कोणाच्या हातात असेल तिलाही ते पडताळून पाहता येईल. ठुशीवर शिक्का नक्की कुठे उमटवला आहे हे काउंटरवरच्या मुलीला माहीत हवं. ती शोधत बसली की गिऱ्हाइकाचा चेहरा बदलतो.

दराचं काय केलं, हे लक्षात आलं असेल. लपवला नाही. दर लपवणाऱ्या सराफावर आपल्याकडे कोणी विश्वास ठेवत नाही. फक्त तो मोठा केला नाही, आणि सूट कुठेच आणली नाही. ‘वेगवेगळी लिहिलेली’ या शब्दांनी दराबद्दलची शंका मिटते आणि लक्ष पुन्हा ठुशीवर येतं.

एक चूक मात्र जवळजवळ प्रत्येक दुकान करतं. वर वारशाचा मथळा आणि खाली ‘जुनं सोनं द्या, नवं घ्या, मोडीवर घट नाही’ अशी पट्टी. वरच्या ओळीत ठेवा म्हणता, खालच्या ओळीत मोडा म्हणता. मोडीचा व्यवसाय दुकानाला लागतोच, तो सोडा असं मी सांगत नाही. त्याची जाहिरात वेगळी करा, वेगळ्या दिवशी छापा, आणि या जाहिरातीच्या आसपास येऊ देऊ नका.

चित्र

मॉडेल नको. मी फोटो घेतला तो सोडवलेल्या ठुशीचा: पांढऱ्या कपड्यावर सुटे मणी, शेजारी नवा लाल दोरा, आणि पटवेकऱ्याची बोटं. मथळा वाचायच्या आधीच अर्थ कळतो. कोणा गिऱ्हाइकाची जुनी ठुशी किंवा लग्नाचा जुना फोटो वापरायचा असेल, तर लेखी परवानगी घ्या, आणि ती फोटोतल्या बाईचीच घ्या, तिच्या मुलाची नाही. नव्या दागिन्याला फोटोत काळपट करून ‘शंभर वर्षांची’ वगैरे म्हणणं म्हणजे सरळ फसवणूक.

व्हॉट्सअ‍ॅप आणि फलक

व्हॉट्सअ‍ॅपवर मुलीसाठी: “गोंडा जरा सैल केला की आईलाही होते. हळदीला तू घाल, तुझ्या मंगळागौरीला आई घालेल. दोरा झिजला तर ओवून मिळेल. वजनाप्रमाणे किंमत विचारायला फोन करा.” इथे ‘तू’ चालतं, छापील जाहिरातीत नाही. फलकावर मथळा, फोटो आणि दुकानाचं नाव, बाकी काही नको.

कधी

आपल्याकडे मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात. पौषात लग्नं सहसा थांबतात, आणि माघापासून ज्येष्ठापर्यंत पुन्हा सुरू होतात. ठुशी घडवून घ्यायची तर कारागिराला वेळ लागतो, म्हणून मार्गशीर्षातल्या लग्नासाठी जाहिरात नवरात्रातच यायला हवी. पितृपक्षात छापू नका, त्या पंधरवड्यात पुष्कळ घरं सोनं घेत नाहीत.

पौषाचा रिकामा काळ मी वेगळ्या कामाला वापरते. तेव्हा विक्रीची जाहिरात बंद ठेवायची आणि एकच ओळ द्यायची: “घरातली जुनी ठुशी ओवून घ्यायची आहे का? कुठूनही घेतलेली चालेल.” यात विक्री काहीच नाही. पण वैशाखात ज्यांच्या घरी लग्न आहे अशा आया याच ओळीने दुकानात येतात, मणी तोलताना समोर बसतात, आणि छापील जाहिरातीत लिहिलेलं सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत घडतं. एकच जाहिरात परवडत असेल तर मी ही निवडेन.

चालली की नाही, हे कसं ओळखायचं

विक्रीच्या आकड्यावरून लगेच कळत नाही, कारण सोन्याचा दर वरखाली झाला की विक्रीही हलते. त्यापेक्षा काउंटरवर एक वही ठेवा आणि ठुशी बघायला आलेल्या प्रत्येकीचा पहिला प्रश्न तिच्याच शब्दांत लिहा. ‘घडणावळ किती?’ हाच पहिला प्रश्न येत राहिला, तर जाहिरात पोचली नाही, किंवा मथळ्याच्या आसपास कुठेतरी सवलतीचा शब्द शिरला आहे. ‘ओवून देता ना?’, ‘ही पट्टीची आहे का?’, ‘आईची पण आणू का?’ असे प्रश्न येऊ लागले, तर मजकूर वाचला गेला. याच प्रश्नांतून पुढच्या हंगामाचा मजकूर मिळतो.

ही पद्धत प्रत्येक दागिन्याला लागू होत नाही. पत्र्यासारख्या हलक्या पोकळ बांगड्या, चिकटवलेल्या खड्यांचे सेट, दोन ग्रॅमच्या आतली नाजूक कर्णफुलं यांना वारशाचा मजकूर लावू नका. ते हौसेचे दागिने आहेत आणि हौस म्हणूनच छान विकले जातात. निव्वळ गुंतवणूक म्हणून सोनं घेणाऱ्या माणसालाही यातलं काही नको असतं. त्याला वेढणी किंवा नाणं दाखवा.

जाहिरात छापायला देण्याआधी एक काम उरतं. ‘आमच्या वहीत नोंद असेल’ असं लिहिलं आहे, तर ती वही त्या दिवशी दुकानात असली पाहिजे. चांगल्या बांधणीची घ्या. रकाने पुरेसे असे: तारीख, बिल क्रमांक, एचयूआयडी, निव्वळ वजन, घडण ओवलेली की पट्टीची, कारागीर आणि पटवेकऱ्याचं नाव, गिऱ्हाइकाने सांगितलेलं नवरीचं नाव, आणि पुढे ओवणीच्या तारखांसाठी मोकळी जागा. वर्षातून एकदा तिचे फोटो काढून मालकांच्या घरी दुसरीकडे ठेवा. गिऱ्हाइकाचं नाव-गाव दुसऱ्या कोणाला देऊ नका.